आधी फोटो, मग प्रश्न: मेसेजमधल्या क्रमाने उत्तर का बदलते?

प्रश्न: आमच्या ॲपमध्ये वजनकाट्याच्या पावतीचा फोटो मॉडेलला पाठवून आम्ही त्यावरचे आकडे काढून घेतो. आमच्या कोडमध्ये आधी मजकूर आणि नंतर फोटो असा क्रम होता. एका सहकाऱ्याने तो सहज उलटा केला, तर काही पावत्यांची उत्तरे बदलली आणि त्यातली बरीचशी सुधारली. फोटो तोच, शब्दही तेच. मग नुसत्या क्रमाने फरक का पडावा, आणि आम्ही यावर कितपत विसंबावे?

उत्तर:

आपल्या कोडमध्ये फोटो आणि मजकूर हे दोन वेगळे घटक दिसतात, म्हणून त्यांचा क्रम ही निव्वळ मांडणीची बाब वाटते. मॉडेलपर्यंत पोहोचेपर्यंत मात्र त्या दोन्हींची मिळून एकच रांग झालेली असते. फोटोचे लहान लहान चौकोनी तुकडे पडतात, एन्कोडर त्या तुकड्यांचे आकड्यांत रूपांतर करतो, आणि ते आकडे शब्दांच्या टोकनांशेजारी टोकन म्हणूनच उभे राहतात. ही रांग किती लांब होते याचा अंदाज असावा. क्लॉडच्या मार्गदर्शिकेत बराच काळ दिलेले ढोबळ सूत्र `width * height / 750` असे आहे. त्या हिशेबाने ९०० × १२०० पिक्सेलच्या फोटोची सुमारे १,४४० टोकने होतात. आपला प्रश्न दोन-तीन ओळींचा असेल, म्हणजे त्या रांगेतला फार लहानसा भाग. तो भाग या मोठ्या गठ्ठ्याच्या पुढे उभा आहे की मागे, एवढाच आपल्या दोन क्रमांतला फरक आहे.

हा फरक निर्णायक का ठरतो, हे समजण्यासाठी एकच नियम लक्षात घ्यावा लागतो. सध्याची बहुतेक भाषा-मॉडेले रांगेतल्या प्रत्येक टोकनाला फक्त त्याच्या आधीची टोकने पाहू देतात, नंतरची नाही. याला कॉजल मास्क म्हणतात. मॉडेलच्या प्रत्येक थरात टोकन आपल्या आधीच्या टोकनांकडे पाहून आपला अर्थ थोडा थोडा घडवत जाते. जे त्याच्या नंतर आले आहे, त्याचा त्या घडणीत काहीही वाटा नसतो.

आता आपली पावती समोर ठेवू. समजा तिच्यावर एकाखाली एक तीन आकडे आहेत: भरलेल्या गाडीचे वजन १८,६४० किलो, रिकाम्या गाडीचे ७,२८० किलो आणि निव्वळ ११,३६० किलो. आपला प्रश्न आहे, ‘रिकाम्या गाडीचे वजन किती?’ फोटो आधी असेल, तर ‘रिकाम्या’ आणि ‘वजन’ ही टोकने घडत असतानाच त्यांना पावती दिसत असते. पावतीवर वजनाचे तीन रकाने आहेत आणि आपल्याला त्यांपैकी मधला हवा आहे, हा संबंध प्रश्नाच्या टोकनांतच तयार होतो. प्रश्नाचे शेवटचे टोकन आल्यावर लगेच उत्तर सुरू होते, आणि हा तयार संबंध उत्तराच्या अगदी जवळ, ताजा असतो.

प्रश्न आधी असेल, तर तीच टोकने पावती न पाहता घडतात. ‘रिकाम्या गाडीचे वजन’ या शब्दांचा सर्वसाधारण अर्थ त्यांच्यात असतो, पण या पावतीवरच्या कोणत्याही ओळीशी त्यांची गाठ पडलेली नसते. त्यानंतर दीड हजाराच्या आसपास चित्र-टोकने येतात आणि मग उत्तराचे पहिले टोकन लिहायचे असते. ही गाठ मारण्याचे काम आता चित्र-टोकनांना तरी करावे लागते किंवा उत्तराच्या टोकनांना ऐन वेळी करावे लागते. मॉडेल दोन्ही करू शकते आणि बहुतेक वेळा करतेही. म्हणूनच आपल्या बऱ्याच पावत्यांची उत्तरे दोन्ही क्रमांत सारखी आली. जिथे तीन आकडे एकमेकांना चिकटून आहेत किंवा रकान्यांची नावे पुसट आहेत, तिथे मात्र ही गाठ सैल पडते.

इथे एक रास्त शंका निघते आणि ती टाळून पुढे जाणे बरे नाही. प्रश्न आधी असेल, तर चित्र-टोकनांना तो दिसतो. मग ‘काय शोधायचे आहे’ हे माहीत असल्यामुळे ती अधिक चांगली घडायला नकोत का? आपण स्वतः एखादा कागद वाचायला घेतो तेव्हा काय शोधायचे ते आधी ठरलेले असले, तर काम हलके होते. तत्त्वतः ही शंका बरोबर आहे. तरीही व्यवहारात बहुतेक मॉडेलांबाबत उलटा अनुभव का येतो, याची माझ्या मते दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की पाहण्याचे बरेचसे काम भाषा-मॉडेलच्या आधीच उरकलेले असते. प्रचलित रचनेत चित्राचा एन्कोडर हा वेगळा भाग असतो आणि त्याच्यापर्यंत आपला प्रश्न पोहोचतच नाही. पावतीवरचा ‘७’ त्याला ‘१’सारखा दिसला असेल, तर प्रश्न पुढे ठेवल्याने तो आकडा पुन्हा नीट पाहिला जाईल असे नाही. प्रश्न आधी ठेवण्याचा जो काही फायदा व्हायचा, तो भाषा-मॉडेलच्या थरांमध्ये होतो; एन्कोडरने काय टिपले यात त्याने बदल होत नाही.

दुसरे कारण सवयीचे आहे, आणि मी त्याला अधिक वजन देतो. मॉडेलने शिकताना कोणता क्रम पाहिला, त्यावर ते कोणत्या क्रमात सफाईने चालते हे बरेच अवलंबून असते. याचे उघड उदाहरण म्हणजे लाव्हा हे खुले मॉडेल. त्याच्या मूळ शोधनिबंधात संवादाच्या पहिल्या फेरीला चित्र आणि प्रश्न यांचा क्रम यादृच्छिक ठेवल्याचे म्हटले आहे. पण प्रकल्पाच्या कोडमध्ये प्रशिक्षणाचा डेटा तयार करणारे `preprocess_multimodal` हे फंक्शन वाचले, तर ते चित्राची जागा दाखवणारी खूण मजकुरात जिथे असेल तिथून उचलते आणि सुरुवातीला नेऊन ठेवते. अशा डेटावर शिकलेल्या मॉडेलला ‘चित्र, मग प्रश्न, मग उत्तर’ ही वहिवाट असते. प्रश्न आधी आणि चित्र नंतर आले, तर आपण त्याला अशा आडवाटेने पाठवतो जिथे त्याचा सराव कमी आहे.

काही मॉडेलांत तर ही गोष्ट सवयीच्या पुढे जाऊन नियमच होते. २०२२ च्या फ्लेमिंगो या मॉडेलात चित्र रांगेत उभे नसते. मजकुराची टोकने क्रॉस-अटेन्शनच्या वेगळ्या थरांतून चित्राकडे पाहतात, आणि प्रत्येक टोकनाला फक्त त्याच्या लगेच आधी आलेले चित्र दिसते. चित्राच्या आधीच्या मजकुराला काहीच दिसत नाही. लामा ३.२ च्या चित्र वाचणाऱ्या मॉडेलांचीही रचना याच जातीची आहे. त्यांच्या प्रॉम्प्टविषयीच्या अधिकृत सूचनेत `<|image|>` ही खूण कुठे आहे हे महत्त्वाचे असून प्रश्न तिच्या नंतरच यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. याउलट पॅलिजेमा या मॉडेलात चित्र आणि प्रश्न मिळून जो पूर्वभाग होतो, त्यातली सर्व टोकने एकमेकांना दोन्ही दिशांनी पाहतात, त्यामुळे वरचा कॉजल मास्कचा युक्तिवाद तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून ‘आधी चित्र’ हा सल्ला सर्व मॉडेलांसाठी एकाच कारणाने खरा आहे, असे कुणी सांगत असेल तर सावध राहावे.

बंद मॉडेलांच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. तिथे निर्मात्यांनी दिलेला सल्ला हाच आधार. क्लॉडच्या मार्गदर्शिकेत चित्र मजकुराच्या आधी ठेवावे असे म्हटले आहे, आणि त्याबरोबर चित्र नंतर किंवा मध्ये असले तरी काम चांगलेच होते, हेही नमूद केले आहे. जेमिनीच्या मार्गदर्शिकेतही एकच चित्र असेल तर मजकूर त्याच्या नंतर ठेवावा, असा सल्ला आहे. दोन्हींचा सूर शिफारशीचा आहे, सक्तीचा नाही, आणि आपणही त्याला तेवढेच महत्त्व द्यावे.

आता आपल्या पावत्यांसाठी रचना कशी करावी, ते सांगतो. मी सूचना दोन भागांत तोडतो. जे प्रत्येक पावतीला सारखेच लागू आहे, म्हणजे पावती कोणत्या प्रकारची आहे, तिच्यावर कोणते रकाने येतात, अस्पष्ट आकड्याचे काय करायचे, ते सर्व `system` मध्ये. त्यानंतर मेसेजमध्ये फोटो, आणि फोटोनंतर नेमका प्रश्न व उत्तराचा साचा.

```json
{
  "system": "फोटो वजनकाट्याच्या पावतीचा आहे. आकडा स्पष्ट नसेल तर null लिहा.",
  "messages": [{
    "role": "user",
    "content": [
      {"type": "image", "source": {"type": "base64",
        "media_type": "image/jpeg", "data": "..."}},
      {"type": "text", "text": "bharlele, rikame, nivval हे तीन आकडे JSON मध्ये द्या."}
    ]
  }]
}
```

या रचनेत वरच्या शंकेचेही समाधान होते. चित्र-टोकने घडत असताना ही वजनकाट्याची पावती आहे एवढा संदर्भ त्यांना `system` मधून मिळालेला असतो, आणि नेमका प्रश्न मात्र चित्र पाहून, उत्तराच्या अगदी अलीकडे घडतो. उत्तराचा साचा शेवटी ठेवण्यामागे आणखी एक हेतू आहे. प्रश्न आणि साचा दोन्ही फोटोच्या आधी असताना मला जो दोष सर्वांत जास्त वेळा दिसला, तो आकड्यांचा नव्हताच. मागितलेला साचा सोडून मॉडेल पावतीचे वर्णन करू लागे: ‘ही एका वजनकाट्याची पावती असून तिच्यावर...’ रांगेच्या शेवटी फोटो आहे आणि फोटोनंतर कोणतीच सूचना नाही, तेव्हा वर्णनाकडे ओढा होणे समजण्यासारखे आहे. आपल्या बदललेल्या उत्तरांत असा प्रकार किती आहे, ते आधी वेगळे काढून पाहा. कारण तो दोष साचा नुसता शेवटी पुन्हा लिहूनही जाऊ शकतो.

दोन फोटो एकत्र पाठवायचे असतील, उदाहरणार्थ गाडी आत येतानाची पावती आणि बाहेर जातानाची, तर प्रत्येक फोटोच्या आधी ‘पावती १:’, ‘पावती २:’ असा छोटा मजकूर ठेवावा आणि प्रश्न सर्वांच्या शेवटी. नाव फोटोच्या आधी ठेवायचे कारण तेच आहे: त्या फोटोच्या टोकनांना आपले नाव दिसावे.

आता विसंबण्याविषयी. आपल्या सहकाऱ्याने ‘बरीचशी सुधारली’ असे पाहिले, पण मोजले आहे का? इथे बहुतेकांची चूक अशी होते, की एका क्रमात किती टक्के बरोबर आणि दुसऱ्या क्रमात किती टक्के बरोबर, एवढेच पाहिले जाते. त्यापेक्षा तेच फोटो दोन्ही क्रमांत चालवावेत आणि फक्त ज्यांचा निकाल वेगळा आला, तेवढेच मोजावेत. समजा २०० पावत्या आहेत. त्यांपैकी ९ पावत्या फोटो आधी असतानाच बरोबर आल्या आणि ३ पावत्या प्रश्न आधी असतानाच बरोबर आल्या. उरलेल्या १८८ दोन्हीकडे सारख्या. ९ विरुद्ध ३ हे ऐकायला भरघोस वाटते, पण दोन्ही क्रम मुळात सारखेच असते तरी १२ वेळा नाणे उडवून ९-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल येण्याची शक्यता सुमारे १५ टक्के आहे. यावर निर्णय घेऊ नये. तेच १४ विरुद्ध २ आले असते, तर ती शक्यता अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते आणि मग क्रमाने फरक पडतो असे म्हणायला हरकत नाही. शिवाय प्रत्येक क्रम किमान दोनदा चालवावा. तोच क्रम पुन्हा चालवूनही काही उत्तरे बदलतात, आणि ती संख्या माहीत नसेल तर क्रमाचा परिणाम आणि मॉडेलची नेहमीची चलबिचल यांत भेद करता येत नाही.

वजनकाट्याच्या पावतीचा एक फायदा असा, की ती स्वतःच स्वतःला तपासते: भरलेले वजन वजा रिकामे वजन म्हणजे निव्वळ. वरच्या उदाहरणात १८,६४० वजा ७,२८० बरोबर ११,३६०. तिन्ही आकडे मागवून ही वजाबाकी कोडमध्ये करावी. ती जुळली नाही, तर पावती माणसाकडे पाठवावी. मात्र हिशेब जुळला म्हणजे सर्व बरोबर, असेही नाही. रिकामे आणि निव्वळ यांची अदलाबदल झाली, तरी १८,६४० वजा ११,३६० बरोबर ७,२८० हे जुळतेच! आणि रकान्यांची गफलत ही नेमकी क्रमाशी संबंधित चूक असल्यामुळे ती या तपासणीतून निसटते. गाडीच्या क्रमांकावरून तिचे आधीचे रिकामे वजन ठाऊक असेल, तर त्याच्याशी ताडून पाहणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

मोजणीतली आणखी एक खाच मी अनुभवाने शिकलो. एका खुल्या मॉडेलावर मी दोन क्रमांची तुलना करत होतो आणि दोन दिवस सर्व निकाल तंतोतंत सारखे येत होते. मी जवळजवळ अहवालही लिहिला होता की क्रमाने काहीच होत नाही. मग अखेर मॉडेलला प्रत्यक्षात काय जाते ते छापून पाहिले. मॉडेल चालवणारा सर्व्हर चॅट-टेम्प्लेट लावताना चित्राची खूण दोन्ही वेळा मजकुराच्या आधी नेऊन ठेवत होता. मी दोन दिवस एकाच क्रमाची त्याच क्रमाशी तुलना करत होतो. म्हणून आपल्या कोडमधला क्रम हा शेवटचा क्रम आहे असे धरून चालू नये. ट्रान्सफॉर्मर्स लायब्ररी वापरत असाल तर एवढी एक ओळ पुरते:

```python
print(processor.apply_chat_template(
    messages, tokenize=False, add_generation_prompt=True))
```

छापलेल्या मजकुरात चित्राची खूण कुठे आहे ते डोळ्यांनी पाहावे. एपीआय वापरत असाल, तर मधल्या लायब्ररीने अखेरीस पाठवलेली रिक्वेस्ट नोंदवून तिच्यातील `content` चा क्रम तपासावा.

ज्या पावत्या दोन्ही क्रमांत चुकल्या, त्यांच्याकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. तिथे बहुधा दोष क्रमाचा नसून आकाराचा असतो. मोबाइलचा फोटो ३,००० × ४,००० पिक्सेलचा असला, तरी मॉडेलपर्यंत तो तेवढाच पोहोचत नाही. क्लॉडच्या अनेक मॉडेलांत लांब बाजू १,५६८ पिक्सेलपेक्षा मोठी असली की चित्र आपोआप लहान केले जाते. पावती त्या फोटोत एका कोपऱ्यात असेल आणि बाकी सर्व टेबल असेल, तर डॉट-मॅट्रिक्स छपाईचे अंक काही मोजक्या पिक्सेलांचे उरतात. ओळखण्याची रीत सोपी आहे: चुकलेल्या फोटोतला आकड्यांचा भाग हाताने कापून तेवढाच पाठवा. उत्तर बरोबर आले, तर दोष आकाराचा; पाठवण्यापूर्वी पावतीच्या कडा शोधून फोटो कापण्याची सोय करा. कापूनही चुकले, तर तो भाग स्वतः वाचून पाहा, कारण अनेकदा कार्बन प्रतीवरचा तो अंक आपल्यालाही लागत नाही.

शेवटी एक बाब, जी उत्तराच्या दर्जाची नाही पण हाच क्रम ठेवण्याला बळ देते. एकाच फोटोवर आपण एकामागून एक प्रश्न विचारत असाल, म्हणजे आधी वजने, मग गाडीचा क्रमांक, मग तारीख, तर प्रॉम्प्ट कॅशिंगचा लाभ फोटो आधी असेल तरच मिळतो. कॅश ही रांगेच्या सुरुवातीपासून जिथवर मजकूर तंतोतंत सारखा आहे तिथवरच चालते. प्रश्न आधी असेल, तर तो बदलताच त्याच्यामागची सर्व १,४४० चित्र-टोकने नव्याने मोजली जातात. फोटो आधी असेल, तर `system` आणि फोटो तसेच राहतात व फक्त शेवटच्या दोन ओळी नव्या असतात. अर्थात कॅश लागू होण्यासाठी सुरुवातीच्या भागाची किमान लांबी लागते, आणि ती मॉडेलनुसार वेगळी असते. क्लॉडच्या अनेक मॉडेलांत ती १,०२४ टोकने आहे. फोटो फार लहान कापलात आणि `system` ही दोन ओळींचेच असेल, तर आपण त्या मर्यादेच्या खाली जाल आणि कॅश मुकाट्याने लागणार नाही. रिक्वेस्टच्या उत्तरात येणारा `cache_read_input_tokens` हा आकडा शून्य दिसत असेल, तर आधी हेच तपासा.